संध्याकाळी सहा वाजता नक्की काय माहीत होतं?

*नमस्कार सर,*

*रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत, मध्यम आकाराच्या केमिकल कंपनीत मी एचआर बघते. दीड महिन्यापूर्वी दुपारी 2.10 ला आमच्या एका रिअ‍ॅक्टरजवळ आग लागली. रिअ‍ॅक्टरमध्ये टोल्यूइन होतं. एक कामगार जागीच गेला, तिघांना हॉस्पिटलमध्ये नेलं. साडेचारला फायर ब्रिगेडने आग विझल्याचं सांगितलं. सहा वाजता आम्ही हे निवेदन काढलं:*

*"आज दुपारी शॉर्टसर्किटमुळे कारखान्यात किरकोळ आग लागण्याची दुर्दैवी घटना घडली. यात कंत्राटदाराचा एक कामगार मृत्युमुखी पडला असून तिघे किरकोळ जखमी आहेत व त्यांची प्रकृती स्थिर आहे. कंपनीत सर्व सुरक्षा नियमांचे काटेकोर पालन केले जाते. परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात असून परिसरातील नागरिकांना कोणताही धोका नाही. मृताच्या कुटुंबीयांना सर्वतोपरी मदत केली जाईल. अफवांवर विश्वास ठेवू नये. – व्यवस्थापन"*

*पाचव्या दिवशी त्या तिघांपैकी एक जण गेला. पहिल्या कामगाराचा भाऊ ओडिशाहून आला होता. त्याने हे निवेदन मोबाइलवर उघडून माझ्यासमोर धरलं. मला एक शब्द बोलता आला नाही. आता संचालक म्हणतात, हे नीट लिहून आपत्कालीन आराखड्याच्या फायलीत ठेवा. वकील म्हणतात, जितकं कमी तितकं बरं. काय लिहायला हवं होतं?*

तुमचं निवेदन मी कागदावर उतरवून घेतलं, उजवीकडे मोठा समास सोडला आणि प्रत्येक विधानासमोर दोन गोष्टी लिहायला बसलो: हे कोणी पाहिलं किंवा सांगितलं, आणि किती वाजता. आग लागली हे टिकलं. एक जण गेला हे टिकलं. तिघांना हॉस्पिटलमध्ये नेलं हेही टिकलं. बाकी सगळा समास कोरा राहिला. आणि वाईट याचं वाटलं की सहा वाजता तुमच्या हातात पक्की माहिती होती, तीच निवेदनात आली नाही. साडेचारला फायर ब्रिगेडने आग विझल्याचं सांगितलं होतं. हे वेळेसकट लिहिता आलं असतं. त्याऐवजी 'परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात' असं लिहिलं गेलं, ज्याची वेळ नाही आणि जे कोणी सांगितलं याचाही पत्ता नाही.

आधी 'शॉर्टसर्किट' घेऊ. हा शब्द आपल्याकडे सवयीने येतो, आगीची बातमी आणि शॉर्टसर्किट यांचं लग्नच लागलेलं आहे. पण सहा वाजता त्या शेडमध्ये कोण गेलं होतं? आग विझून दीड तास झाला होता, पत्रे तापलेले असणार, कूलिंगचं पाणी चालू असणार, पंचनामा व्हायचा होता. कोणा इलेक्ट्रिशियनने जळालेलं पॅनेल पाहिलं असेल आणि तिथून शब्द निघाला असेल. जळालेलं पॅनेल आगीचं कारण असू शकतं तसाच आगीचा परिणामही असू शकतो. ते ठरवायला तारांवरच्या वितळलेल्या खुणा, कोणता ब्रेकर कधी पडला त्याची नोंद, बॅचशीट, अर्थिंगच्या पट्ट्या हे सगळं पाहावं लागतं. टोल्यूइनची वाफ पेटायला स्थिर विजेची एक ठिणगीसुद्धा पुरते, आणि तशी ठिणगी मागे खूण ठेवत नाही. तुमच्याकडे काय झालं ते मला माहीत नाही, आणि त्या संध्याकाळी तुमच्या साहेबांनाही माहीत नव्हतं.

घाईने सांगितलेलं कारण किती दिशाभूल करतं, याचं माझ्या मनात कायम राहिलेलं उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सास सिटीचं आहे. 23 मार्च 2005 रोजी बीपी कंपनीच्या रिफायनरीत स्फोट झाला, 15 माणसं गेली, 180 च्या आसपास जखमी झाली. मे महिन्यात कंपनीने आपला अंतरिम अहवाल मांडला, त्यात भर होता पाळीवरच्या ऑपरेटरांच्या आणि सुपरवायझरांच्या चुकांवर. टॉवर प्रमाणाबाहेर भरला गेला होता हे खरंच होतं. पण सरकारी तपास मंडळाचा अहवाल 2007 मध्ये आला तेव्हा कळलं की टॉवर भरत असताना पातळी दाखवणारं यंत्र ती उतरत असल्याचं दाखवत होतं, वरच्या पातळीचा दुसरा अलार्म वाजलाच नव्हता, आणि ऑपरेटर महिनाभर सलग बारा-बारा तासांच्या पाळ्या करत होते. मुळं थेट कंपनीच्या वरच्या मजल्यापर्यंत गेली होती. टॉवर जास्त भरला ही घडलेली गोष्ट. ऑपरेटरने निष्काळजीपणा केला हा निवाडा. निवेदनात पहिली बसते, दुसरा बसत नाही.

'प्राथमिक अंदाजानुसार', 'प्रथमदर्शनी', 'असावी' असे शब्द लावले की आपण सुटलो असं लिहिणाऱ्याला वाटतं. वाचणाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत हे शब्द गळून पडतात. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात 'शॉर्टसर्किटमुळे आग' एवढंच उरतं, आणि खाली नाव कंपनीचं असतं. म्हणून कारणाबद्दल एकच वाक्य: कारण अजून समजलेलं नाही, तपास अमुक यंत्रणा करत आहे. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं वाया घालवू नका. ते त्याच्या शब्दांत, वेळ टाकून, सहीनिशी लिहून घ्या आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी येतील तेव्हा त्यांच्या हातात द्या. त्याची जागा तिथे आहे.

आता 'किरकोळ जखमी' आणि 'स्थिर'. तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य पाचव्या दिवसाचं आहे, आणि निवेदनातला हा शब्द त्याच्यावर जाऊन आदळला. बंद शेडमधली आग असली की भाजलेली कातडी दिसते, पण श्वासातून आत गेलेली उष्ण हवा आणि धूर दिसत नाही. माणूस चालत ॲम्ब्युलन्समध्ये बसतो, बोलतो, पाणी मागतो. घसा आणि फुप्फुसं 24 ते 48 तासांत सुजतात. बर्न वॉर्डातले डॉक्टर म्हणूनच पहिल्या दिवशी बोलायला तयार नसतात. 'स्थिर' याचा त्यांच्या भाषेतला अर्थ इतकाच, की नाडी, रक्तदाब या घडीला बदलत नाहीत. व्हेंटिलेटरवरचा माणूसही स्थिर असतो. घरचे मात्र तो शब्द 'धोका टळला' असा ऐकतात. जखमींबद्दल लिहायचं ते इतकंच: किती जण, कोणत्या हॉस्पिटलमध्ये, किती वाजता दाखल, सोबत कंपनीचं कोण आहे. प्रकृतीबद्दल हॉस्पिटल सांगेल आणि आधी कुटुंबाला सांगेल. टक्केवारी, अवयव, फोटो काहीही नको.

आकड्यांचं मी स्वतः भोगलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्याच्या सेफ्टी खात्यात होतो. रात्री गोडाऊनला आग लागली, असेंब्ली पॉइंटवर मस्टर वाचला, सगळी नावं जुळली, आणि आम्ही लिहून दिलं, 'सर्व कामगार सुखरूप'. मस्टरवर कंपनीचे कामगार होते. लोडिंगवाल्यांची नावं कंत्राटदाराच्या वहीत, आणि वही त्याच्या मोटरसायकलच्या डिकीत. पहाटे गेटवरचा वॉचमन पास मोजत होता. कंत्राटी माणूस आत जाताना आपलं ओळखपत्र ठेवून पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, बाहेर पडताना बिल्ला देऊन ओळखपत्र परत न्यायचा. खणात एक ओळखपत्र उरलं होतं. त्यावरचा फोटो मी अजून सांगू शकतो, चौकटीचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. साडेसातला तो सापडला. निवेदन तोवर पेपरात छापून आलं होतं.

तेव्हापासून माझा नियम आहे: आकडा लिहायचा तर तो कोणत्या नोंदीवरून आला हे लिहायचं, आणि गेटची नोंद पाहिल्याशिवाय 'सर्व' हा शब्द वापरायचा नाही. मोठ्या स्फोटात तर मृतांचा आकडा पहिल्या दिवशी पूर्ण नसतोच. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे 2024 मध्ये स्फोट झाला तेव्हा तो काही दिवस वाढत राहिला, आणि काहींची ओळख डीएनए चाचणीनेच पटवावी लागली.

उलटही होतं. जानेवारी 2006 मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात सेगो या कोळसा खाणीत 13 कामगार अडकले. बचाव पथकाच्या निरोपात गफलत झाली, तो कोणीतरी अर्धवट ऐकला, आणि चर्चमध्ये जमलेल्या कुटुंबांपर्यंत पोचलं की बारा जण जिवंत आहेत. घंटा वाजल्या, लोक गळ्यात पडून रडले. सुमारे तीन तासांनी सांगितलं गेलं की एकच जण वाचला आहे. बातमी कंपनीने अधिकृतपणे दिलेली नव्हती. पण ती चुकीची असावी अशी शंका अधिकाऱ्यांना बरीच आधी आली होती, आणि पक्कं होईपर्यंत थांबू म्हणून ते गप्प राहिले. अंदाज करू नका याचा अर्थ गप्प बसा असा नाही, हे सेगोवरून कळतं. 'अशी बातमी फिरत आहे, आम्ही तिची खात्री केलेली नाही' हे वाक्यही त्या क्षणी पूर्ण खरं असतं, आणि ते ताबडतोब सांगता येतं. तुमच्या 'अफवांवर विश्वास ठेवू नये' या ओळीच्या जागी हे ठेवा. कोणती अफवा ते सांगा, आणि तिच्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा.

'कोणताही धोका नाही' याबद्दल थोडक्यात. टोल्यूइन जळताना दाट काळा, काजळीचा धूर होतो. तो गावाने पाहिला, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली. त्या लोकांना 'कोणताही' म्हणून चालत नाही. हवा मोजली असेल तर कुठे, किती वाजता, कोणी मोजली ते लिहा. मोजली नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला किती वाजता कळवलं ते लिहा. आग विझवलेलं फेसाचं पाणी कुठे गेलं याचाही उल्लेख हवा, कारण सकाळी नाल्यात मासे उलटे तरंगले तर गाव तुम्हालाच विचारणार आहे.

'नियमांचे काटेकोर पालन' ही ओळ पूर्ण काढा. ते खरं आहे की नाही याचाच तर तपास होणार आहे.

आता तो भाऊ. त्याला सगळ्यात जास्त काय लागलं असेल? मला वाटतं, 'कंत्राटदाराचा एक कामगार'. त्याचा भाऊ तुमच्या गेटमधून आत गेला, तुमच्या रिअ‍ॅक्टरवर उभा राहिला. पगार कोण काढतं हा हिशेबाचा भाग, तो मृत्यूच्या बातमीत आणला की वाचणाऱ्याला एकच ऐकू येतं: आमचा नव्हता. 'आमच्या कारखान्यात काम करणारा आमचा एक सहकारी' असं लिहा. दुसरं, 'मृत्युमुखी पडला' ही पंचनाम्याची भाषा आहे; 'मृत्यू झाला' साधं आहे आणि पुरेसं आहे. आग 'किरकोळ' असू शकत नाही, तिने माणूस नेला आहे. आणि मृत्यूची ओळ पहिली यायला हवी. तुमच्या निवेदनात आधी आग, तिचं कारण, तिचा आकार, आणि मग माणूस. आस्था विशेषणांनी दाखवता येत नाही. 'तीव्र दुःख', 'अतीव शोक' हे शब्द प्रत्येक पत्रकात असतात. वाचणारा त्यांच्यावरून नजर पुढे नेतो. माणूस आधी, त्याच्या घरच्यांना कळवलं का, त्यांच्यासोबत कोण आहे: या क्रमात ती दिसते.

'सर्वतोपरी मदत' हाही तसाच शब्द. ईएसआयचा आश्रितांचा लाभ किंवा कायद्याने मिळणारी भरपाई हा त्या कुटुंबाचा हक्क आहे, त्याला मदत म्हणू नये. कंपनी त्याच्या वर काही करणार असेल तर काय, कधीपर्यंत आणि कोण करणार ते लिहा, आणि संचालकांची सही झालेली असेल तेवढंच लिहा. पार्थिव गावी नेण्याचा खर्च, भावाचं येण्या-राहण्याचं, भाषा येणारा सोबती, एवढं पहिल्या संध्याकाळी ठरवता येतं आणि लिहिताही येतं.

मग त्या दिवशी सहा वाजता काय लिहायला हवं होतं, ते माझ्या हाताने असं झालं. तुम्ही कळवलेलं नाही तिथे टिंबं ठेवली आहेत.

"आज दुपारी आमच्या कारखान्यात लागलेल्या आगीत आमच्या एका सहकाऱ्याचा मृत्यू झाला. तीन सहकारी जखमी आहेत. आम्ही त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आहोत. मृत सहकाऱ्याच्या कुटुंबाला … वाजता फोनवर कळवले आहे. त्यांच्या संमतीशिवाय आम्ही नाव जाहीर करणार नाही. जखमींना … वाजता … रुग्णालयात दाखल केले. आमचे … तेथे थांबले आहेत. जखमींच्या प्रकृतीविषयी डॉक्टर त्यांच्या कुटुंबीयांशी बोलत आहेत.

आग दुपारी 2.10 वाजता उत्पादन विभागातील एका रिअ‍ॅक्टरजवळ लागली. रिअ‍ॅक्टरमध्ये टोल्यूइन हे द्रावक होते. आग विझल्याचे अग्निशमन दलाने 4.30 वाजता सांगितले. गेटच्या नोंदीनुसार आग लागली तेव्हा आवारात … जण होते, कंत्राटी कामगार धरून. … वाजता झालेल्या मोजणीत सर्वांचा ठावठिकाणा लागला आहे.

आग कशामुळे लागली हे आम्हाला अजून माहीत नाही. पोलीस आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला … वाजता कळवले आहे. तपास होईपर्यंत हा विभाग बंद राहील आणि तेथील कोणतीही वस्तू हलवली जाणार नाही. विभागातील नोंदवह्या आम्ही तपास अधिकाऱ्यांकडे देणार आहोत.

गावातून काळा धूर दिसला, त्याची काळजी आम्हाला समजते. प्रदूषण नियंत्रण मंडळाला … वाजता कळवले आहे. हवेची आणि नाल्यातील पाण्याची तपासणी झाल्यावर निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू. तोपर्यंत नाल्याचे पाणी वापरू नये, जनावरांना पाजू नये.

मृत सहकाऱ्याच्या कुटुंबाच्या येण्या-राहण्याची आणि पार्थिव गावी नेण्याची व्यवस्था कंपनी करत आहे. … हे कुटुंबासोबत राहतील. कामगारांच्या घरच्यांसाठी … हा फोन रात्रभर चालू आहे, मराठी, हिंदी आणि ओडियात बोलता येईल. पुढील निवेदन उद्या सकाळी 9 वाजता देऊ, नवीन माहिती नसली तरी देऊ.

…, संचालक. संध्याकाळी 6 वाजता."

शेवटी 'व्यवस्थापन' नको, माणसाचं नाव हवं. आणि त्यातलं एक वाक्य नीट पाहा: 'सर्वांचा ठावठिकाणा लागला आहे.' मोजणी झाली नसेल तर ते 'मोजणी चालू आहे' असं होईल. टिंबं भरता येत नाहीत ती वाक्यं तशीच ठेवून गोड करायची नाहीत, काढायची किंवा 'अजून माहीत नाही' करायची.

वकिलांसमोर दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. चूक कबूल होऊ नये ही त्यांची भीती रास्त आहे. पण 'शॉर्टसर्किटमुळे' लिहून आपल्या वायरिंगमध्ये दोष होता हे तपासाआधीच लिहून दिलं गेलं, आणि 'काटेकोर पालन' खोटं ठरवायला सही राहिलेलं एक वर्क परमिट पुरतं. नव्या मजकुरात वेळा आहेत, कोणाला कळवलं ते आहे, आणि पार पाडता येतील अशी आश्वासनं आहेत. दुःख व्यक्त करणं म्हणजे दोष स्वीकारणं नव्हे, हे वकीलही मान्य करतील. त्यांना एखादा शब्द खटकला तर तो बदला, मृत्यूची ओळ मात्र पहिलीच राहू द्या.

फायलीत हा एकच मजकूर ठेवून भागणार नाही. त्याच्या मागे सकाळच्या 9 च्या निवेदनाचा कोरा नमुना ठेवा, आणि त्याची पहिली ओळ आधीच छापून ठेवा: 'काल सांगितलेल्या माहितीत हे बदल आहेत.' तुमच्या बाबतीत पाचव्या दिवशी याच ओळीखाली दुसऱ्या मृत्यूची बातमी यायला हवी होती, तुम्ही पहिल्यांदा 'किरकोळ जखमी' म्हटलं होतं ते चुकीचं होतं या स्पष्ट शब्दांसह. ते निवेदन निघालं नसेल तर दीड महिन्यानंतरही काढता येतं.

आणि फायलीच्या पहिल्या पानावर, निवेदनाच्याही आधी, एक काम लिहा: बाहेर पाठवण्यापूर्वी मजकूर मृताच्या घरच्या माणसाला फोनवर, त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवायचा. हे काम कंत्राटदाराकडे द्यायचं नाही. फोन तुम्ही किंवा संचालकांनी करायचा, आणि तो मध्ये काही बोलला तर वाचणं थांबवून ऐकायचं.